बारा की तेरा?

२, ३, ५, ८, पुढे काय? पर्याय : ११, १२, १३, १४.

पुढची गोष्ट कल्पित आहे, पण तिच्यातलं गणित खरं आहे. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेणारा एक क्लास. रविवारी सराव चाचणी झाली आणि सोमवारी पेपर हातात आले. बुद्धिमत्ता चाचणीच्या संख्यामालिकेत एका मुलीच्या उत्तरावर लाल फुली होती. तिने १३ लिहिलं होतं, उत्तरसूचीत १२ होतं.

सरांनी फळ्यावर रीत मांडली. दोनापासून तीन, एकाचा फरक. तीनापासून पाच, दोनाचा. पाचापासून आठ, तिनाचा. आता चाराचा फरक, म्हणून बारा. मुलं पुढच्या प्रश्नाकडे वळली, पण तिचा हात वर राहिला.

“सर, दोन आणि तीन पाच. तीन आणि पाच आठ. मग पाच आणि आठ तेरा नाही का?”

सरांनी फळ्याकडे पुन्हा पाहिलं. तिच्या बेरजेत चूक नव्हती. “अगं, पण अशा मालिकेत आधी फरकच बघायचे असतात,” ते म्हणाले. ती बसली, पण तिचं समाधान झालं नाही. माझ्या मते होऊही नये. आधी फरक बघणं ही सोडवणाऱ्याची सवय झाली, ती प्रश्नात कुठेच लिहिलेली नव्हती.

क्लास सुटल्यावर ती जिन्यात थांबली. रोज ती कधी एक पायरी चढायची, कधी एकदम दोन. दोनच पायऱ्या असत्या तर चढायच्या तऱ्हा दोन : एक-एक, नाहीतर थेट दोन. तीन पायऱ्यांना तीन तऱ्हा, चारांना पाच, पाचांना आठ. सहा पायऱ्यांना? शेवटची ढांग एका पायरीची असेल, तर त्याआधी पाच पायऱ्या चढून झालेल्या असणार, त्याच्या आठ तऱ्हा. शेवटची ढांग दोन पायऱ्यांची असेल, तर आधी चार पायऱ्या, त्याच्या पाच. आठ आणि पाच मिळून तेरा. जिना तिच्या बाजूने होता.

घरी तिचा धाकटा भाऊ गल्ला घेऊन बसला होता. तिने त्याला दोन रुपये टाकायला लावले. दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन, चौथ्या दिवशी तीन. गल्ल्यात २, ३, ५, ८ रुपये झाले. पाचव्या दिवशी चार रुपये पडले की बारा. गल्ला सरांच्या बाजूने होता.

जिना मोजायचा हे कळलं की तेराच, गल्ला मोजायचा हे कळलं की बाराच. आकडे कशाचे आहेत ते काढून टाकलं आणि नुसते चार आकडे कागदावर ठेवले की दोन्ही वाटा सारख्याच मोकळ्या राहतात.

मग शंभर हे उत्तरही चालेल का? गणिताच्या बळावर ते बसवता येतं. प्रत्येक पदाचा क्रमांक घ्या. त्यातून एक, दोन, तीन, चार असे वेगवेगळे वजा करा आणि येणाऱ्या चार संख्यांचा गुणाकार करा. पहिल्या चारही जागी हा गुणाकार शून्य येतो, कारण दर वेळी एक संख्या शून्य असते. पाचव्या जागी तो ४ × ३ × २ × १, म्हणजे २४. त्याला चोविसाने भागलं की उरतो एक. सरांच्या नियमात हा एक मिळवला की १२ चे १३ होतात, आणि त्याची ८८ पट मिळवली की १००. पहिले चार आकडे जागचे हलत नाहीत.

पण शंभर आणण्यासाठी ८८ हा आकडा आपण बाहेरून आणला, उत्तर आधी ठरवून. बारा आणि तेरा यांना असं काही करावं लागत नाही. दोन्ही नियम एका वाक्यात सांगता येतात आणि दिलेल्या आकड्यांतूनच निघतात. म्हणून शंभर बाजूला ठेवता येतं, पण या दोघांतून एक निवडायला काही आधार उरत नाही. त्यातून दोन्ही आकडे पर्यायांत असले, तर नीट विचार करणारं मूलही फुली खातं. खऱ्या परीक्षेत अंतरिम उत्तरसूची लागते आणि हरकती मागवतात. तिथे ‘माझंही बरोबर आहे’ एवढं पुरत नाही. आपला नियम लिहून तो दिलेल्या प्रत्येक पदाला लावून दाखवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी तिने हेच केलं. वहीच्या एका पानावर जिना, दुसऱ्यावर गल्ला. सरांनी दोन्ही पानं सावकाश वाचली. तिच्या पेपरवरची फुली खोडून त्यांनी गुण दिला, मग आणखी ज्यांनी १३ लिहिलं होतं त्यांचे पेपर परत मागवले. मूळ प्रश्नपत्रिका काढून त्यांनी आठाच्या पुढे १२ लिहिला आणि प्रश्नचिन्ह एक घर पुढे सरकवलं.

“आता तुझी बेरीज लावून बघ,” ते म्हणाले.

“पाच आणि आठ तेरा. इथे बारा आहे,” ती म्हणाली. “नाही लागत, सर. आता सतराच.”