दुधाचं गणित आणि ताळा

पोलीस भरतीच्या तयारीच्या ग्रुपवर सराव पेपरांचे फोटो रोज येतात. वाकडा धरलेला मोबाइल, अर्ध्या पानावर सावली. त्यातलंच हे एक गणित: ‘पहिल्या भांड्यात दूध व पाण्याचं गुणोत्तर 4:1, दुसऱ्यात 1:1. दोन्ही कोणत्या प्रमाणात मिसळावीत, म्हणजे नव्या मिश्रणात ते 3:2 होईल?’

फोटोतला 1 अनेकदा 7 दिसतो. पहिलं गुणोत्तर 4:7 वाचलं, तर त्या भांड्यात दूध जेमतेम 36 टक्के, दुसऱ्यात 50, आणि मागणी मात्र 60 टक्क्यांची. दोन पातळ दुधांतून दाट दूध कसं निघणार? हवं असलेलं प्रमाण नेहमी दोन्ही भांड्यांच्या मधेच पडायला हवं. ते पडत नसेल तर आकडेमोड थांबवून फोटो मोठा करून बघावा.

4:1 म्हणजे पाच भागांत चार भाग दूध, अर्थात 80 टक्के. दुसऱ्यात 50. आता फुली मांडायची: वर 80 आणि 50, मधे 60. तिरक्या वजाबाक्या करायच्या. 60 मधून 50 गेले, उरले 10. हे पहिल्या भांड्याखाली येतात. 80 मधून 60 गेले, उरले 20, हे दुसऱ्याखाली. 10:20, म्हणजेच 1:2.

वजाबाकी तिरकीच का? पहिल्या भांड्यातला प्रत्येक लिटर हव्या त्या दुधापेक्षा 20 टक्के जास्त देतो, दुसऱ्यातला 10 टक्के कमी. पहिल्याच्या एका लिटरची जास्ती मुरवायला दुसऱ्याचे दोन लिटर लागतात. एवढं कळलं की पद्धत पाठ करावी लागत नाही.

आता ताळा. पहिल्यातून 10 लिटर घेतलं: दूध 8, पाणी 2. दुसऱ्यातून 20 लिटर: दूध 10, पाणी 10. एकूण दूध 18, पाणी 12. 18:12 म्हणजे 3:2. जुळलं.

घाईत उत्तर उलटं, 2:1 लिहिलं गेलं, तर पहिल्यातून 20 आणि दुसऱ्यातून 10 लिटर घेऊन दूध 21 आणि पाणी 9 येतं, म्हणजे 7:3. चूक लगेच उघडी पडते. तसं तर वेळ नसला तरी नुसत्या नजरेनं कळावं: 60 हा आकडा 80 पेक्षा 50 ला जवळ आहे, म्हणून दुसरं भांडंच जास्त ओतावं लागणार.

खरा फास वेगळाच आहे. काहीजण भागांची बेरीज न करता 4:1 चे थेट 4, 1:1 चा 1 आणि 3:2 चे दीड धरतात. वजाबाक्या येतात अर्धा आणि अडीच, उत्तर 1:5. दिसायला सरळ आणि पटण्यासारखं. यात तर दुसरं भांडंच जास्त ओतलं जातं, त्यामुळे नजरेची चाचणीही ते पार करतं. पण 10 आणि 50 लिटर घेऊन मोजलं की दूध 33, पाणी 27 निघतं, म्हणजे 11:9. 3:2 च्या आसपासही नाही.