अपघाताची हकिगत कशी लिहावी?

‘घाटातून जात असताना समोरून अचानक एक टेम्पो भरधाव आला आणि त्याने आमच्या गाडीला जोरात धडक दिली. गाडीचे खूप नुकसान झाले.’

विम्याच्या क्लेम फॉर्मवर ‘अपघात कसा झाला?’ या रकान्यात बहुतेक जण असेच काहीतरी लिहितात. त्यात खोटे काही नसते. पण गाडी तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला त्यातून हाती काहीच लागत नाही. त्याने अपघात पाहिलेला नसतो. त्याच्यासमोर गॅरेजमधली चेपलेली गाडी आणि तुमचा कागद एवढेच असते आणि या दोघांची गोष्ट एकच आहे का, हे त्याला ठरवायचे असते. म्हणून ‘अचानक’, ‘जोरात’, ‘खूप’ यांच्या जागी जे दिसले आणि जे मोजता येईल ते लिहायचे.

हाच अपघात नीट लिहायचा तर कसा, ते पाहू. समजा, तुम्ही कोयनानगरहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला निघाला आहात. पावसाळा आहे. रस्ता उजवीकडे वळतो. उजव्या हाताला डोंगर असल्याने वळणापलीकडचे दिसत नाही. डावीकडे दरीचा कठडा आहे. घाट चढणाऱ्या ट्रकला ओलांडत एक टेम्पो तुमच्या बाजूला येतो, तुमच्या गाडीच्या उजव्या कोपऱ्यावर आदळतो आणि गाडी डावीकडे कठड्यावर घासत जाऊन थांबते.

कोणी जखमी असेल तर आधी त्याला मदत. ते झाल्यावर, गाड्या हलवण्यापूर्वी, मोबाइलवर फोटो काढा. नुसत्या चेपलेल्या भागाचे नव्हे. थोडे मागे जाऊन दोन्ही गाड्या, वळण, कठडा आणि रस्त्यावरच्या काचा एकाच चौकटीत येतील असेही दोन-तीन काढा. काचा आणि मातीचा सडा साधारण जिथे टक्कर झाली तिथेच पडतो. तुमच्या अर्ध्या भागात पडलेला सडा तुमच्या वतीने बोलतो, आणि गाड्या हलल्या, रहदारी सुरू झाली की तो नाहीसा होतो.

मग जागा पक्की करा. ‘कुंभार्ली घाटात’ एवढे पुरेसे नाही. जवळचा किलोमीटरचा दगड किंवा मंदिर आणि तिथून किती अंतर, ते लिहा. टेप नसेल तर पावले मोजा. बऱ्याच जणांचे पाऊल पाऊण मीटरच्या आसपास असते, घरी आपले मोजून पाहता येते. दोन अंतरे महत्त्वाची: टक्कर झाली ती जागा डाव्या कठड्यापासून किती, आणि तिथून गाडी किती पुढे जाऊन थांबली. याच आकड्यांवरून कच्चा नकाशा काढा. रस्त्याच्या दोन रेघा, ‘चिपळूणकडे’ आणि ‘कोयनानगरकडे’ असे बाण, आणि प्रत्येक गाडीच्या तीन जागा: टकरीआधी, टकरीच्या क्षणी, थांबल्यावर. पुढे-मागे, डावे-उजवे हे नेहमी चालकाच्या सीटवर बसून ठरवायचे. गाडीसमोर उभे राहून लिहिले की उजवा हेडलाइट डावा होतो, आणि एवढ्याशा चुकीनेही संशय येतो.

वेग आणि अंतर हे सर्वांत जास्त चुकणारे आकडे. तुमची गाडी ताशी 40 आणि टेम्पो ताशी 30 किलोमीटरने येत असेल, तर दोघांमधले अंतर सेकंदाला सुमारे 19 मीटरने घटते. टेम्पो 40 मीटरवर दिसला असे लिहिले तर तुमच्याकडे जेमतेम दोन सेकंद होते, हे वाचणाऱ्याला पटते. ‘दोनशे मीटरवरून दिसला’ असे लिहिले, तर दहा सेकंद हाताशी असून थांबला का नाहीत, हा प्रश्न तुम्हीच ओढवून घेता. स्पीडोमीटर पाहिला नसेल तर तसेच लिहावे: ‘अंदाजे 35 ते 40, काटा पाहिलेला नाही.’

रस्त्याबद्दल लिहितानाही निष्कर्ष नको, स्थिती हवी. ‘रस्ता खराब होता’ यापेक्षा ‘पाऊस रिमझिम, डांबर ओले, मधला पांढरा पट्टा पुसट, धुके नाही, हेडलाइट सुरू’ हे उपयोगाचे.

आता नुकसान. इथे टकरी दोन झाल्या, म्हणून नुकसानही दोन गटांत लिहा. टेम्पोच्या टकरीने बंपरचा उजवा भाग, उजवा हेडलाइट, उजवे पुढचे मडगार्ड आणि बोनेटचा कोपरा गेला. जमिनीपासून किती उंचीवर मार बसला ते मोजा, आणि टेम्पोचा रंग तुमच्या पत्र्याला लागला असेल तर त्याची नोंद करा. कठड्याने डाव्या दोन्ही दारांवर पुढून मागे जाणारे ओरखडे काढले. हा दुसरा गट लिहिलाच नाही, तर ‘समोरच्या धडकेत डावी दारे कशी खरवडली?’ असे विचारून सर्व्हेअर ती बाजूला काढू शकतो. मागच्या बंपरचा जुना पोचा असेल तर ‘जुना’ म्हणूनच लिहा. तो यात घुसडला, तर खऱ्या नुकसानीवरचा विश्वासही जातो. आतले नुकसान बाहेरून कळत नाही. ‘बाकीचे खोलल्यावर’ असे लिहून ठेवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत गॅरेजला काही उघडू देऊ नका.

टकरीनंतर काय केले, हेही लिहायचे. रेडिएटर फुटून कूलंट गळत असताना गाडी तशीच चिपळूणपर्यंत नेली आणि इंजिन जाम झाले, तर इंजिनाचा खर्च ‘नंतरच्या निष्काळजीपणाचा’ म्हणून नाकारला जातो. म्हणून ‘गळती दिसताच इंजिन बंद केले, गाडी टो करून नेली’ हे वाक्य वेळेसह हवे.

चूक कोणाची, हे मात्र लिहू नका. नेहमीच्या मोटार पॉलिसीत अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने दोष कबूल करायचा नाही की भरपाईचे वचन द्यायचे नाही. याचा अर्थ काही लपवावे असा नाही. तुमचे चाक पट्ट्यापलीकडे गेले असेल तर तेही लिहायचे. फक्त निवाडा द्यायचा नाही. कोणी जखमी असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार चालकाने पोलिसांना लवकरात लवकर, उशिरात उशिरा 24 तासांत कळवायचे असते. पोलिसांना दिलेला जबाब आणि क्लेम फॉर्म यांतली वेळ, जागा आणि दिशा एकच असली पाहिजे.

एवढे सारे प्रत्यक्षात थोडक्या ओळींत मावते:

‘सायंकाळी 5.20. कोयनानगरकडून चिपळूणकडे उतार, उजवे वळण. रिमझिम पाऊस, रस्ता ओला. मी डाव्या बाजूने अंदाजे 35 ते 40 वेगाने. सुमारे 40 मीटरवर एक पांढरा टेम्पो ट्रकला ओलांडत माझ्या बाजूला आलेला दिसला. ब्रेक मारून गाडी डावीकडे घेतली. टेम्पोची पुढची उजवी बाजू माझ्या पुढच्या उजव्या कोपऱ्याला लागली. ती जागा डाव्या कठड्यापासून सुमारे अडीच मीटर. त्या धक्क्याने गाडी कठड्यावर घासत सुमारे सहा मीटर पुढे जाऊन थांबली. कूलंट गळताना दिसल्यावर 5.25 ला इंजिन बंद केले. गाडी टो करून नेली.’

सर्व्हेअर हे वाचून गाडीकडे जाईल तेव्हा उजव्या कोपऱ्यावर पांढरा रंग आणि डाव्या दारांवर ओरखडे शोधील. ते तिथे असतील.