तीन टनांखाली सांधा कुठे सरकतो?

भिंतीवर दोन बिजागऱ्या आहेत, बरोबर एकीखाली एक, तीन मीटर अंतरावर. खालच्या बिजागरीतून चार मीटर लांबीची आडवी दांडी बाहेर आली आहे. वरच्या बिजागरीतून पाच मीटरची तिरकी दांडी उतरते आणि आडवीच्या टोकाला पिनेने जोडली जाते. या टोकाला ३० किलोन्यूटन, म्हणजे साधारण तीन टन वजन टांगले आहे. दोन दांड्यांचा हा ट्रस.

दांड्यांत किती बल येते, हे काढणे सोपे आहे. तिरकी ५० किलोन्यूटनने ताणली जाते, आडवी ४० किलोन्यूटनने दाबली जाते. त्यासाठी दांड्या किती जाड आहेत आणि कशाच्या आहेत, हे विचारावेही लागत नाही. भार आणि कोन पुरतात. पण टोक किती खाली येईल आणि आडवे कुणीकडे सरकेल, हे विचारले की कोन अपुरे पडतात. दांड्या किती ताठ आहेत ते कळायला हवे.

दांडीची लांबी एक मिलिमीटरने बदलायला जेवढे बल लागते, ती तिची ताठरता. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक दर चौरस मिलिमीटरला २०० किलोन्यूटन धरू. त्याला छेदाच्या क्षेत्रफळाने गुणायचे आणि लांबीने भागायचे. तिरकीचा छेद ५०० चौरस मिलिमीटर असेल तर तिची ताठरता मिलिमीटरला २० किलोन्यूटन येते. आडवीचा छेद १००० असेल तर ५०.

आता मनातल्या मनात टोक धरा आणि फक्त उजवीकडे, भिंतीपासून दूर, एक मिलिमीटर सरकवा. वरखाली हलू देऊ नका. आडवी दांडी पूर्ण एक मिलिमीटरने ताणली जाते आणि ५० किलोन्यूटन मागते. तिरकी मात्र चारास तीन अशा उतारावर आहे, म्हणून ती ०.८ मिलिमीटरच लांबते. तिच्यात १६ किलोन्यूटन ताण येतो आणि ती टोकाला भिंतीकडे व वर ओढते. तिला रोखायला १२.८ किलोन्यूटन उजवीकडे आणि ९.६ खाली लावावे लागतात. सरकवले फक्त आडवे, तरी उभे बलही लागले. ट्रसच्या गणिताचा सगळा गाभा मला या ९.६ मध्ये दिसतो.

मग टोक फक्त वर एक मिलिमीटर न्या. तिरकी ०.६ मिलिमीटर आखडते. तिला तसे धरून ठेवायला ७.२ किलोन्यूटन वर आणि ९.६ डावीकडे लागतात. आडवी दांडी एवढ्याशा उचलण्याला दाद देत नाही, तिचा वाटा शून्य. ९.६ हा आकडा दोन्ही वेळा आला, आणि तो यायलाच हवा. मॅट्रिक्सच्या कर्णाच्या दोन्ही बाजूंचे आकडे जुळले नाहीत तर मांडणीत चूक आहे, हे पुढे जाण्याआधीच कळते.

जुळणी म्हणतात ती यानंतरची पायरी, आणि ती नुसती बेरीज आहे. तीन सांधे, प्रत्येकाच्या दोन दिशा, म्हणून सहा ओळी आणि सहा रकाने. प्रत्येक दांडी आपल्या दोन टोकांचे सोळा आकडे घेऊन येते आणि ते त्या त्या सांध्याच्या चौकटीत पडतात, किर्दीतल्या नोंदी खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवाव्यात तसे. टोकाच्या खात्यावर दोन्ही दांड्यांच्या नोंदी येतात: आडव्या दिशेला ५० अधिक १२.८, म्हणजे ६२.८, उभ्या दिशेला फक्त ७.२. तिसरी दांडी जोडली तरी पद्धत बदलत नाही, चार नोंदी आणखी चढतात. तीन दांड्या एकाच सांध्यात आल्या की केवळ समतोलाच्या समीकरणांवरून बले निघत नाहीत. या पद्धतीला मात्र त्याने फरक पडत नाही. म्हणूनच टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी १९५६ साली विमानाच्या सांगाड्यांसाठी याच वाटेने जाणारा प्रसिद्ध लेख लिहिला, आणि संगणकाने ती वाट उचलून धरली.

पूर्ण सहा बाय सहाची मॅट्रिक्स अजून सोडवता येत नाही. तिचा निश्चयक शून्य असतो, कारण भिंतीचा उल्लेख आपण केलेलाच नाही. अख्खा ब्रॅकेट हवेत कुठेही सरकला तरी कोणतीच दांडी ताणली जात नाही. आधार द्यायचा राहिला की संगणक इथेच अडतो. बिजागऱ्या हलत नाहीत, म्हणून त्यांच्या चार ओळी आणि चार रकाने वगळायचे. उरतात दोन समीकरणे, x उजवीकडे आणि y वर:

```
६२.८x − ९.६y = ०
−९.६x + ७.२y = −३०
```

दहावीची क्रेमरची पद्धत इथे पुरते. निश्चयक ३६०. x येतो −०.८, y येतो −५.२३. टोक सव्वापाच मिलिमीटर खाली येते आणि ०.८ मिलिमीटर भिंतीकडे सरकते. भार सरळ खाली आहे, तरी टोक सरळ खाली जात नाही.

ताळा लगेच होतो. आडवी ०.८ मिलिमीटर आखडली, गुणिले ५०, म्हणजे ४० किलोन्यूटन दाब. तिरकी २.५ मिलिमीटर लांबली, गुणिले २०, म्हणजे ५० किलोन्यूटन ताण. सुरुवातीची बले परत मिळाली.

तरीही एक चूक या ताळ्यातून निसटू शकते. तिरकी दांडी भिंतीकडून टोकाकडे येताना खाली उतरते, म्हणून तिच्या उभ्या घटकाला ऋण चिन्ह हवे. ते घाईत धन घेतले तर ९.६ चे चिन्ह उलटते. उत्तर येते ५.२३ मिलिमीटर खाली, आधीइतकेच, पण ०.८ मिलिमीटर उजवीकडे. निश्चयक तोच, समतोलही चोख जुळतो. कारण आपण न कळत दुसराच ब्रॅकेट सोडवला, ज्यात तिरकी दांडी खालून टेकू देते. आकडे ही चूक पकडत नाहीत, आकृतीच पकडते. वरून धरणारी दांडी ताणातच असली पाहिजे, उत्तरात ती दाबात दिसली तर मागे फिरायचे.

त्या ३६० कडे पुन्हा पाहण्यासारखे आहे. तो २० गुणिले ५० गुणिले ०.३६ आहे, आणि ०.३६ म्हणजे दोन दांड्यांमधल्या कोनाच्या साइनचा वर्ग. कोन जसजसा लहान करावा तसतसा निश्चयक शून्याकडे जातो आणि टोक झपाट्याने खाली येऊ लागते. वरची बिजागरी खालच्याजवळ आणली तर जाड पोलादही फारसे वाचवत नाही.

शेवटी, मॅट्रिक्सला दिसत नाही ते. तिच्याकडे आडव्या दांडीचे क्षेत्रफळ गेले, आकार गेला नाही. हे १००० चौरस मिलिमीटर भरीव चौकोनी सळईचे असतील, बाजू सुमारे ३२ मिलिमीटर, तर चार मीटर लांबीची ती सळई ऑयलरच्या सूत्राप्रमाणे १० किलोन्यूटनच्या आसपास बाजूला वाकून जाते. आपल्याला हवेत ४०. तेवढेच पोलाद ८० मिलिमीटर सरासरी व्यासाच्या, चार मिलिमीटर जाडीच्या पाइपात घातले तर तीच मर्यादा ९९ किलोन्यूटनपर्यंत चढते. दोन्हींसाठी मॅट्रिक्सचे उत्तर एकच: ०.८ आणि ५.२३. म्हणून दाबातल्या प्रत्येक दांडीचा वाकण्याचा हिशेब वेगळा करावा लागतो, आणि तो या दोन समीकरणांत कुठेच लपलेला नसतो.