अर्धी यादी फेकून देण्याचा हक्क

परीक्षेच्या बैठक क्रमांकांची ही एक छोटी यादी आहे:

```
104 117 123 138 142 159 166 171 185 190 198
```

यात १७१ आहे का, आणि असल्यास कुठे? माणूस नजर फिरवून सांगेल. संगणकाला नजर नसते. एका वेळी तो एकच आकडा उघडून पाहतो. डावीकडून एकेक पाहत गेला तर १७१ आठव्या खेपेला सापडेल. बायनरी सर्च नावाची पद्धत थेट मधला आकडा उघडते. मध्ये १५९ आहे. १७१ त्याहून मोठा, म्हणून १५९ आणि त्याच्या डावीकडचे पाच आकडे न उघडताच बाद. उरलेल्या पाचांच्या मध्ये १८५, म्हणजे या वेळी उजवी बाजू बाद. राहिले १६६ आणि १७१. आधी १६६ उघडला जातो, तो लहान निघतो, आणि चौथ्या खेपेला १७१ हाती येतो.

आठऐवजी चार, यात कोणाला फारसे कौतुक वाटणार नाही. पण दर खेपेला यादी निम्मी होते, त्यामुळे यादी कितीही फुगली तरी खेपा जेमतेम वाढतात. हजार नोंदींना जास्तीत जास्त १० खेपा लागतात, दहा लाखांना २० आणि शंभर कोटींना ३०.

ही करामत पायथॉन भाषेत जेमतेम बारा ओळींची आहे:

```python
def shodh(yadi, hava):
    low = 0
    high = len(yadi) - 1
    while low <= high:
        mid = (low + high) // 2
        if yadi[mid] == hava:
            return mid
        if yadi[mid] < hava:
            low = mid + 1
        else:
            high = mid - 1
    return -1
```

`low` आणि `high` ही अजून शिल्लक असलेल्या पट्ट्याची दोन टोके. पायथॉन जागा शून्यापासून मोजतो, म्हणून आपल्या यादीत सुरुवातीला ती ० आणि १० असतात. `mid` म्हणजे मधली जागा. `//` हा भागाकार अपूर्णांक सोडून देतो. हवा असलेला आकडा मोठा असेल तर डावे टोक `mid`च्या पुढे सरकते, लहान असेल तर उजवे टोक `mid`च्या मागे येते. दोन्ही टोके एकमेकांना ओलांडून गेली की शोधायला काही उरले नाही असा अर्थ, आणि उत्तर म्हणून -1 मिळते.

इतके सोपे वाटणारे हे काम हातून बिघडते फार. जॉन मॉकली यांनी १९४६ साली या पद्धतीचा उल्लेख केला. पण कोणत्याही लांबीच्या यादीवर चालेल असे तिचे रूप छापून यायला १९६० उजाडले. ते डी. एच. लेहमर यांनी दिले. मधल्या काळातल्या पद्धती १, ३, ७, १५ अशा ठरावीक लांबीच्या याद्यांपुरत्याच होत्या, कारण त्या प्रत्येक वेळी बरोबर मधोमध दुभंगतात.

घोळ बहुतेक दोन ठिकाणी होतो. `low <= high` ऐवजी कोणी `low < high` लिहिले, तर शेवटचा एकटा उरलेला आकडा न उघडताच लूप थांबतो. आपला १७१ नेमका तसाच सापडला होता, दोन्ही टोके सातव्या जागेवर आलेली असताना. म्हणजे हा प्रोग्रॅम १७१ नाही म्हणेल, पण १५९ किंवा १८५ विचारा, बिनचूक सांगेल. दुसरी चूक `mid + 1` ऐवजी नुसते `mid` लिहिण्याची. ती उलट, गप्प न बसणारी आहे. १९८ शोधायला गेल्यावर डावे टोक नवव्या जागेवर, उजवे दहाव्या जागेवर येते. मध्य पुन्हा नऊच निघतो, डावे टोक पुन्हा नवावरच राहते आणि प्रोग्रॅम तिथेच गरगरत बसतो. म्हणूनच स्वतः लिहिलेला बायनरी सर्च तपासताना यादीतला प्रत्येक आकडा एकेकदा शोधून पाहावा, पहिला आणि शेवटचा तर नक्कीच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यादी आधी क्रमाने का लावायची? 'नियम आहे म्हणून' हे उत्तर वर्गात चालून जाते. खरे उत्तर वरच्या पहिल्याच खेपेत आहे. १५९ उघडल्यावर आपण डावीकडचे पाच आकडे पाहिलेच नाहीत, तरी १७१ तिथे नाही असे ठामपणे म्हटले. हा ठामपणा कशाच्या बळावर? डावीकडचा प्रत्येक आकडा १५९पेक्षा लहान आहे, एवढ्या एकाच हमीवर. क्रम नसेल तर १५९ उघडून आपल्याला फक्त १५९बद्दल कळते, शेजाऱ्यांबद्दल काहीही नाही. मग अर्धी यादी फेकून देण्याचा हक्कच उरत नाही, आणि एकेक आकडा उघडत जाण्याशिवाय गत्यंतर नसते.

प्रोग्रॅमला हे ठाऊक नसते, आणि तो फेकतच राहतो. यादी क्रमाने नाही म्हणून तो अडत नाही, लाल अक्षरांत तक्रार करत नाही. समजा टंकताना ११७ आणि १७१ यांची अदलाबदल झाली:

```
104 171 123 138 142 159 166 117 185 190 198
```

आता १७१ शोधा. मध्ये १५९, म्हणून उजवीकडे. मग १८५, म्हणून डावीकडे. मग १६६, पुन्हा उजवीकडे. तिथे बसलाय ११७. तोही लहान, डावे टोक पुढे सरकते, टोके ओलांडली जातात आणि उत्तर येते -1. यादीत दुसऱ्याच क्रमांकावर असलेला १७१ प्रोग्रॅमच्या लेखी नाही. ११७चेही तेच होते. मात्र बाकीचे नऊच्या नऊ आकडे एकेक करून शोधून पाहा, प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर सापडतो. मला यातली सर्वांत धोक्याची गोष्ट हीच वाटते. अकरापैकी नऊ उत्तरे बरोबर आल्यावर कोण शंका घेईल?

चुकलेला आकडा कुठे बसला आहे यावर नुकसान ठरते. ११७ऐवजी १५९ आणि १९८ यांची अदलाबदल झाली असती, तर १९८ अगदी मध्यावर आला असता. मग १६६, १७१, १८५, १९० यांपैकी कोणीही शोधले की पहिल्याच खेपेला '१९८ मोठा आहे, डावीकडे चला' असा निकाल लागतो आणि ते सगळे हरवतात; टोकाला गेलेला १५९ही हरवतो. दोन आकड्यांची चूक, पण गेले पाच. पहिल्या खेपेला उघडला जाणारा आकडा सगळ्यांच्या वाटेत असतो, शेवटी उघडला जाणारा एखाद्याच्याच, असे हे गणित आहे.

प्रत्यक्षात यादी अशी बिघडते ती बहुधा टंकनचुकीने नव्हे. क्रमाने लावलेल्या यादीत नवा माणूस दाखल होतो आणि त्याची नोंद शेवटी चिकटवली जाते. १९८च्या पुढे १२५ येऊन बसतो. शोध त्याला डावीकडे हुडकतो, 'नाही' म्हणतो, आणि काउंटरवरचा कर्मचारी तीच नोंद पुन्हा भरतो. एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी दिसू लागल्या की आधी हे तपासावे. पायथॉनच्या `bisect` मॉड्यूलमध्ये यासाठीच `insort` आहे. ते नव्या नोंदीची योग्य जागा शोधून तिथेच ती घालते. मात्र मूळ यादी क्रमाने आहे का, हे तेही बघत नाही.

मग प्रत्येक शोधाआधी प्रोग्रॅमनेच क्रम तपासून का घेऊ नये? कारण दहा लाखांची यादी क्रमाने आहे हे पटवून घ्यायला शेजारशेजारच्या ९,९९,९९९ जोड्या पाहाव्या लागतात. वीस खेपांचे काम वाचवायला दहा लाख खेपा, हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. तपासायचे तर यादी उघडताना एकदाच.

क्रम लावणेही फुकट होत नाही. दहा लाख नोंदी लावायला ढोबळमानाने दोन कोटी तुलना लागतात. क्रम नसलेल्या यादीत असलेली नोंद एकेक पाहत शोधायला सरासरी पाच लाख. म्हणजे एकदाच काही शोधायचे असेल तर सॉर्ट करत बसणे वेडेपणाचे; साधारण चाळीस शोधांनंतर खर्च वसूल होतो आणि पुढचा प्रत्येक शोध जवळपास फुकटात पडतो.

राहिला क्रम नेमका कोणाचा, हा प्रश्न. आकडे अक्षरांसारखे मजकूर म्हणून साठवले तर संगणक "10" हा "9"च्या आधी ठेवतो, कारण तो पहिले चिन्ह पाहतो आणि १ हा ९च्या आधी येतो. मराठी शब्दांत ही गंमत आणखी पुढे जाते. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणून मराठी कोशात 'कावळा' आधी आणि 'काळजी' नंतर. युनिकोडने मात्र ळ ला ल च्या लगेच पुढे बसवले आहे: ल चा क्रमांक 0932, ळ चा 0933, व चा 0935. पायथॉन दोन शब्दांची तुलना या क्रमांकांवरूनच करतो. आता कोशाच्या क्रमाने लावलेली ही यादी घ्या:

```python
yadi = ["काम", "कावळा", "काळजी", "किल्ला", "कुंकू"]
print(shodh(yadi, "कावळा"))
```

उत्तर -1. मधला शब्द 'काळजी'. प्रोग्रॅमच्या हिशेबी तो 'कावळा'पेक्षा लहान, म्हणून तो उजवीकडे जातो, आणि कावळा डावीकडे बसून राहतो. यादी मराठी माणसाच्या दृष्टीने अगदी शिस्तीत आहे आणि प्रोग्रॅममध्येही चूक नाही. फक्त यादी एका नियमाने लावली आणि शोधली दुसऱ्या नियमाने. हीच यादी पायथॉनच्या `sorted`मधून काढून घेतली तर काळजी कावळ्याच्या आधी जाते आणि शोध बरोबर चालतो. पण ती तशीच छापली तर कोश वाचणारा भुवया उंचावेल. दोन्ही साधायचे असेल तर वर्णमालेचा क्रम सांगणारे एक फंक्शन वेगळे लिहावे, `sorted`ला ते `key` म्हणून द्यावे आणि `shodh`मधल्या `<` च्या दोन्ही बाजूंनाही तेच लावावे.