दोन बहुमतांमधला साक्षीदार

पाच सर्व्हर आहेत. एकाच नोंदवहीची आपापली प्रत प्रत्येकाकडे आहे आणि त्या पाचही प्रती जुळत राहायला हव्यात. त्यांतला एक सर्व्हर अचानक गप्प होतो. तो बंद पडला, त्याची जोडणी तुटली, की तो नुसताच हळू चालतोय? उरलेल्या चौघांना हे कळायला काही मार्ग नाही. नेटवर्कच्या पलीकडून पाहिलं तर मेलेलं यंत्र आणि मंद यंत्र सारखंच दिसतं.

अशा अंधारातही, ज्या नोंदीबद्दल ग्राहकाला एकदा ‘झालं’ असं सांगितलं, ती कधीही हरवू द्यायची नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डिएगो ओंगारो आणि जॉन औस्टरहाउट यांनी 2014 मध्ये मांडलेली राफ्ट ही पद्धत हे साधते. त्याआधी पॅक्सॉस नावाची पद्धत प्रचलित होती, पण ती शिकणाऱ्यांना फार जड जाई. म्हणून या दोघांनी ‘समजायला सोपी’ हीच आपल्या पद्धतीची पहिली अट ठेवली. आज कुबरनेटिसची माहिती सांभाळणारं एटसीडी राफ्टवरच चालतं.

आपल्या पाच सर्व्हरना अ, ब, क, ड, इ म्हणू. अ हा नेता आहे, बाकीचे अनुयायी. नवी नोंद फक्त नेता घेतो आणि बाकीच्यांना पाठवतो. पाठवायला काही नसलं तरी ‘मी आहे’ एवढा निरोप तो ठरावीक अंतराने देत राहतो. प्रत्येक नेत्याच्या कारकिर्दीला एक क्रमांक असतो. त्याला कार्यकाळ म्हणू. हा आकडा फक्त वाढतो, आणि प्रत्येक नोंदीवर ती कोणत्या कार्यकाळात लिहिली गेली याचा शिक्का असतो.

सध्या कार्यकाळ 1 चालू आहे आणि पाचही वह्यांत सहा नोंदी आहेत. ग्राहकाकडून मागणी येते: शिल्लक 500 करा. अ ही सातवी नोंद आपल्या वहीत लिहितो आणि चौघांना पाठवतो. ब आणि क ती डिस्कवर लिहून होकार कळवतात. अ धरून तीन झाले, म्हणजे पाचांत बहुमत. नोंद कमिट झाली. अ ग्राहकाला ‘झालं’ असं कळवतो आणि त्याच क्षणी त्याची वीज जाते. ड आणि इ यांच्याकडे सातवी नोंद पोचलेलीच नाही.

नेत्याचे निरोप थांबले. प्रत्येक अनुयायी किती वेळ वाट पाहायची ते स्वतःपुरतं यादृच्छिकपणे निवडतो. राफ्टच्या मूळ लेखात त्यासाठी 150 ते 300 मिलिसेकंदांचा पल्ला सुचवला आहे. सगळ्यांनी सारखाच वेळ धरला असता तर सगळे एकदमच उमेदवार झाले असते, प्रत्येकाने स्वतःलाच मत दिलं असतं आणि बहुमत कुणालाच मिळालं नसतं. वेळ वेगवेगळा असल्यामुळे बहुधा एकजण इतरांच्या आधी उठतो.

आपल्या गोष्टीत नेमका ड आधी उठतो. तो कार्यकाळ 2 सुरू करतो, स्वतःला मत देतो आणि इतरांकडे मतं मागतो. मागताना आपली शेवटची नोंद कोणती तेही सांगतो: सहावी, कार्यकाळ 1 ची. एका कार्यकाळात प्रत्येकाला एकच मत देता येतं, आणि ते दिल्याची नोंद आधी डिस्कवर करावी लागते. नाहीतर मध्येच बंद पडून उठलेला सर्व्हर विसरून दुसऱ्यांदा मत देईल. इ मत देतो. ब आणि क मात्र आपल्या वह्या पाहतात. त्यांच्याकडे सातवी नोंद आहे, म्हणून ते नकार देतात. ड दोन मतांवर अडकतो.

थोड्या वेळाने ब चा वेळ संपतो. तो कार्यकाळ 3 सुरू करून मतं मागतो. त्याची वही कुणापेक्षाही मागे नाही, त्यामुळे क, ड, इ त्याला मत देतात. ब नेता होतो. त्याने पाठवलेली पुढची नोंद ड नाकारतो, कारण तिच्या आधीची सातवी त्याच्याकडे नाही. ब एक पाऊल मागे येतो आणि सातवीपासून पाठवतो. शिल्लक 500 आता ड आणि इ कडेही पोचते.

थक्क करणारी गोष्ट इथेच आहे. सातवी नोंद कमिट झालेली आहे हे ब ला माहीतही नव्हतं, तरी ती वाचली. नोंद कमिट व्हायला तीन सर्व्हर लागतात, निवडून यायलाही तीन लागतात. तीन आणि तीन सहा, आणि सर्व्हर तर पाचच. म्हणजे दोन्ही बहुमतांत निदान एक सर्व्हर सामाईक असणारच. त्याच्या वहीत ती नोंद आहे आणि तो स्वतःपेक्षा मागे असलेल्या उमेदवाराला मत देत नाही. त्या एकट्याच्या नकारामुळे जुनं वचन पाळलं जातं.

पण कुणाची वही पुढे, हे ठरवताना आधी शेवटच्या नोंदीचा कार्यकाळ पाहतात. तो सारखा असेल तरच लांबी पाहतात. यातून एक पेच निर्माण होतो. नव्याने सुरुवात करून समजा, कार्यकाळ 2 मध्ये नेता असलेल्या अ ची एक नोंद फक्त ब पर्यंत पोचली आणि अ पडला. कार्यकाळ 3 मध्ये क आणि ड यांच्या मतांवर इ निवडून आला, त्याच जागी त्याने वेगळी नोंद लिहिली आणि ती कुणाला पाठवण्याआधीच तोही पडला. मग अ उठला, कार्यकाळ 4 मध्ये पुन्हा नेता झाला आणि आपली जुनी नोंद त्याने क कडे पोचवली. आता ती तिघांकडे आहे. ती कमिट झाली का?

नाही. या क्षणी अ पडला आणि इ उठला, तर इ च्या शेवटच्या नोंदीवर 3 चा शिक्का आहे, ब आणि क यांच्याकडे 2 चा. ते दोघे इ ला मत देतील आणि तिघांकडे असलेली नोंद पुसली जाईल. म्हणून राफ्टचा नियम असा आहे की नेत्याने फक्त स्वतःच्या कार्यकाळातली नोंद प्रती मोजून कमिट करावी. अ ने कार्यकाळ 4 ची एक नवी नोंद तिघांकडे पोचवली, की त्यांच्या वह्यांवर 4 चा शिक्का येतो आणि इ चा 3 त्यापुढे फिका पडतो. नवी नोंद कमिट होते, आणि तिच्या आधीची जुनीही तिच्यासोबत कायमची होते.

या हिशेबाची मर्यादाही त्या तीनच्या आकड्यातच आहे. पाचांतले दोन पडले तरी काम चालतं. तिसरा, समजा नेताच, पडला, की उरलेले दोघे मतं मागत राहतात, कार्यकाळाचा आकडा वाढत जातो आणि नेता मात्र निवडला जात नाही. देखरेख करणाऱ्याला या खुणेवरूनही बिघाड ओळखता येतो. तेवढा वेळ नवी कोणतीही नोंद कमिट होत नाही. पण दोघांच्याच भरवशावर ते कुणाला ‘झालं’ असंही सांगत नाहीत.