सातबाऱ्यावरचे कलम ४३

पश्चिम महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ रोजी, कृषकदिनी, कसणारी बहुतेक कुळे कायद्यानेच जमिनीची खरेदीदार ठरली. कलम ३२ग प्रमाणे ठरलेली किंमत भरली की ३२म चे प्रमाणपत्र मिळते. मालकीचा खरा पुरावा तोच. तो जपायलाच हवा.

तरीही सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा राहतो. पूर्वी विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असल्यास, आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून जमीन विकता येते. समजा आकार पाच रुपये, तर नजराणा अवघा दोनशे!

मात्र खरेदीदार शेतकरीच हवा. नजराणा न भरता केलेला व्यवहार अवैध ठरू शकतो.