समतोलाजवळचं रेषीय चित्र: कुठे विश्वास ठेवावा आणि कुठे थांबावं

पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी कमी झाली, तेव्हा बाजारात येणाऱ्या माशांत शिकारी माशांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. असं का व्हावं, हा प्रश्न दान्कोना या प्राणिशास्त्रज्ञाने वोल्तेरा या गणितज्ञापुढे ठेवला. वोल्तेराने 1926 मध्ये मांडलेली समीकरणं आपण सोप्या आकड्यांत घेऊ. x म्हणजे भक्ष्य, y म्हणजे शिकारी:

x' = x(2 − y)
y' = y(x − 1)

दोन्ही बदल शून्य होतात ती जागा म्हणजे समतोल. इथे (0, 0) आणि (1, 2) असे दोन समतोल आहेत. आपण दुसऱ्याच्या अगदी जवळ उभे राहू. x = 1 + u, y = 2 + v असं लिहिलं, की

u' = −v − uv
v' = 2u + uv

आता बघा, u आणि v शंभरांश असतील तर uv दहा हजारांश. म्हणून तो सोडून द्यायचा. उरलेले सहगुणक म्हणजेच आंशिक विकलजांची मॅट्रिक्स. दर वेळी u, v मांडत बसायला नको. प्रत्येक समीकरणाचं x आणि y नुसार विकलन करून समतोलाच्या किमती घातल्या, की तीच मिळते:

[0 −1]
[2  0]

हिच्या आयगेन किमती ±i√2. वास्तव भाग शून्य. म्हणजे रेषीय चित्रात बिंदू समतोलाभोवती बंद वाटेवर फिरत राहतो, एका फेरीचा काळ 2π/√2, साधारण 4.44.

मग मूळ समीकरणंही अशीच फिरतात, असं म्हणायचं का? इथेच थांबायला हवं. हार्टमन-ग्रोबमन प्रमेय सांगतं, की एकाही आयगेन किमतीचा वास्तव भाग शून्य नसेल, तर रेषीय चित्र जवळपासचं खरं रूप दाखवतं. (0, 0) पाशी किमती 2 आणि −1 आहेत, तिथे ते भरवशाचं. (1, 2) पाशी मात्र आपण टाकलेला तो इवलासा uv आत ओढेल की बाहेर ढकलेल, हे मॅट्रिक्स सांगूच शकत नाही.

या उदाहरणात वाटा खरोखर बंद आहेत, पण त्याचा पुरावा वेगळा आहे: x − ln x + y − 2 ln y ही राशी वाटेवर बदलत नाही. विकलन करून पाहा, सगळं कटून जातं.

आता भक्ष्याची थोडी आपसातली गर्दी धरू: x' = x(2.1 − y − 0.1x). समतोल तोच, (1, 2). मॅट्रिक्समध्ये पहिल्या शून्याच्या जागी −0.1 येतं, वास्तव भाग −0.05 होतो, आणि वाटा वळणं घेत हळूहळू आत येतात. एवढ्याशा बदलाने बंद वर्तुळ मोडलं! आता प्रमेय लागू पडतं, पण तेही समतोलाच्या शेजारापुरतंच. शेजार किती मोठा, हे मॅट्रिक्स सांगत नाही.

जवळून पाहिलेलं खोटं नसतं. पण वास्तव भाग शून्य आला, तर टाकून दिलेलं पुन्हा हातात घ्यावं लागतं.